स्प्रिंगचे दोन असमान तुकडे: प्रत्येकाचा कडकपणा आणि वजनाची वारंवारता कशी काढायची

स्प्रिंग कापली की तिचा प्रत्येक तुकडा मूळ स्प्रिंगपेक्षा कडक होतो, आणि जितका तुकडा लहान तितका जास्त कडक. नव्याने शिकणाऱ्याला हे उलटं वाटतं. अर्धी स्प्रिंग म्हणजे अर्धी ताकद, असा हिशोब डोक्यात आपोआप होतो आणि मग २:१ कापलेल्या स्प्रिंगच्या कडकपणाचा, म्हणजे k चा, तिसरा हिस्सा लहान तुकड्याला, दोन तृतीयांश मोठ्याला अशी वाटणी करून मंडळी मोकळी होतात. सूत्र पाठ केल्याने ही सवय जात नाही. स्प्रिंग समोर टांगून तिचे वेढे कसे उघडतात हे एकदा नीट पाहिलं, की जाते.

म्हणून या लेखात एकच स्प्रिंग धरून शेवटपर्यंत जाऊ. तार ०.८ मिमी जाडीच्या स्प्रिंग स्टीलची, वेढ्याचा मधला व्यास १६ मिमी, दोन्ही टोकांना अडकवायच्या आकड्या, त्यांच्यामध्ये ६० वेढे, सगळे एकमेकांना चिकटलेले. न ताणलेली लांबी साधारण ४८ मिमी, वजन जेमतेम १२ ग्रॅम. अशी ताणाची स्प्रिंग हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळते. तुमची थोडी वेगळी असेल, तर आकडे बदलतील, पद्धत तीच राहील. बाकी सामान म्हणजे एक मिमीच्या खुणांची पट्टी, ५० ग्रॅमची चार वजनं, मार्कर, रंगीत दोरा, कडक तार कापणारा कटर, नोज प्लायर आणि स्टॉपवॉच असलेला फोन. प्रयोगशाळेतली वजनं नसतील तर स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून पाणी भरलेली छोटी बाटलीसुद्धा चालते.

कापण्याआधी: दोरा बांधून पाहा

स्प्रिंग टांगा. वरून २० वेढे मोजा आणि विसाव्या वेढ्याला रंगीत दोऱ्याची बारीक गाठ मारा. म्हणजे गाठीच्या वर २० वेढे आणि खाली ४०. इथेच आपण पुढे कापणार आहोत.

आता खालच्या आकडीला १०० ग्रॅम लावा. स्प्रिंग स्थिर झाली की पट्टीवर दोन ठिकाणं टिपा: गाठ कुठे आहे आणि खालची आकडी कुठे आहे. मग आणखी १०० ग्रॅम चढवा आणि पुन्हा तीच दोन ठिकाणं पाहा. आपल्या स्प्रिंगमध्ये खालची आकडी ६० मिमी खाली येते, पण गाठ मात्र फक्त २० मिमीच सरकते.

सगळं गणित या दोन आकड्यांत आहे. वाढवलेल्या १०० ग्रॅमचा भार प्रत्येक वेढ्यातून जसाच्या तसा खाली जातो. तो वेढ्यांमध्ये वाटला जात नाही. वाटलं जातं ते ताणणं: ६० वेढ्यांनी मिळून ६० मिमी, म्हणजे वेढ्यामागे १ मिमी. वरच्या २० वेढ्यांना तेवढाच भार मिळाला आणि ते २० मिमी उघडले. तेवढ्याच भाराला एक तृतीयांश वाढ, म्हणजे तिप्पट कडकपणा. खालचे ४० वेढे ४० मिमी उघडले, म्हणजे पूर्ण स्प्रिंगच्या दोन तृतीयांश. त्यांचा कडकपणा दीडपट. कात्री लागायच्या आधीच दोन्ही तुकड्यांचे k हातात आले.

स्प्रिंगचं स्वतःचं १२ ग्रॅम वजन इथे आड येत नाही का? वरच्या वेढ्यांना खालच्या वेढ्यांचा भार पेलावा लागतो हे खरं. पण आपण १०० आणि २०० ग्रॅममधला फरक घेतला, आणि स्प्रिंगचं स्वतःचं वजन दोन्ही वेळा तेवढंच होतं, त्यामुळे ते वजाबाकीत निघून जातं. फरक घेण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते जास्त महत्त्वाचं आहे.

मूळ स्प्रिंगचा k: पहिल्या वजनावर विश्वास ठेवू नका

चिकट वेढ्यांच्या स्प्रिंगमध्ये वळतानाच थोडा ताण भरलेला असतो. कारखान्यात त्याला इनिशियल टेन्शन म्हणतात. वेढे एकमेकांवर दाबून बसलेले असतात आणि तो दाब मोडेपर्यंत स्प्रिंग हलतच नाही. आपल्या स्प्रिंगमध्ये हा ताण सुमारे ०.३५ न्यूटन धरू, म्हणजे ३५-३६ ग्रॅम लावेपर्यंत काहीच होत नाही. चारही वजनं एकेक करून लावली की वाढ अशी मिळते:

```
 50 g  ->   9 mm
100 g  ->  39 mm
150 g  ->  69 mm
200 g  ->  99 mm
```

आता पुस्तकातलं k = F/x थेट प्रत्येक ओळीला लावून पाहा. ५० ग्रॅमला ५४ न्यूटन प्रति मीटर येतात, १०० ला २५, १५० ला २१ आणि २०० ला जेमतेम २०. एकाच स्प्रिंगचे चार k! वजन वाढवत नेलं की k घसरत चालला, तर इनिशियल टेन्शन आहे असं बेलाशक समजावं. ओळींमधला फरक मात्र दर वेळी ३० मिमीच आहे. म्हणून k काढायचा तो फरकातून:

```
k = 0.49 N / 0.030 m = 16.3 N/m
```

आलेखाची सवय असेल तर बल आणि वाढ यांचा आलेख काढा आणि रेषेचा चढ घ्या. रेषा शून्यातून जाणार नाही, आणि तिला शून्यातून जबरदस्तीने न्यायचंही नाही. रॉबर्ट हूकचा नियम वेढे उघडल्यानंतरच्या भागाला लागू होतो.

याच k ला वेढ्यांच्या भाषेत सांगता येतं. १०० ग्रॅम म्हणजे ०.९८ न्यूटन, आणि तेवढ्याला वेढ्यामागे १ मिमी. म्हणून या तारेच्या, या व्यासाच्या कोणत्याही तुकड्यासाठी k = 980/N, इथे N म्हणजे प्रत्यक्ष ताणले जाणारे वेढे. ६० टाका, १६.३ येतात. ही ओळ वहीत वर लिहून ठेवा, पुढे सगळीकडे हीच वापरायची आहे.

स्प्रिंग बनवणारे यासाठी एक मोठं सूत्र वापरतात:

```
k = G d^4 / (8 D^3 N)
```

d म्हणजे तारेची जाडी, D म्हणजे वेढ्याचा मधला व्यास. G हा तारेच्या धातूचा शिअर मोड्युलस, स्प्रिंग स्टीलला सुमारे ७९ गिगापास्कल. आपली मापं टाकली की १६.५ येतात, मोजलेल्याच्या अगदी जवळ. इतकं जमलं याचा फार आनंद मानू नये, कारण d चौथ्या घातात आहे. तारेची जाडी मोजताना ०.०१ मिमी चुकली तर k पाच टक्क्यांनी हलतो. सूत्राचा खरा उपयोग N कुठे बसला आहे हे पाहण्यासाठी: खाली, एकट्याने, पहिल्या घातात. तार तीच, व्यास तोच, फक्त N कमी केला, तर k त्याच प्रमाणात वाढणार.

आकडेमोड: कोणत्याही प्रमाणासाठी

समजा p आणि q या प्रमाणात स्प्रिंग कापली. मग p भागाचा तुकडा म्हणजे पूर्ण स्प्रिंगच्या p/(p+q) इतका. कडकपणा त्याच्या उलट:

```
k_p = k (p+q)/p
k_q = k (p+q)/q
```

आपलं प्रमाण २:१. मोठ्या तुकड्याला ३/२ k, म्हणजे २४.५ न्यूटन प्रति मीटर. लहान तुकड्याला 3k, म्हणजे ४९.

उत्तर बरोबर आहे का हे तपासायला अर्धं मिनिट पुरतं. दोन्ही तुकडे पुन्हा एकाखाली एक जोडले तर मूळ स्प्रिंगच परत मिळायला हवी, म्हणून 1/k_p + 1/k_q = 1/k यायलाच हवं. १/२४.५ आणि १/४९ यांची बेरीज ३/४९, म्हणजे १/१६.३. जमलं. ज्यांनी k/3 आणि 2k/3 अशी वाटणी केली असेल त्यांना इथे ४.५/k मिळेल, आणि चूक तिथल्या तिथे पकडली जाईल.

परीक्षेतला खरा सापळा प्रमाणाच्या शब्दांत असतो. "एक तुकडा दुसऱ्याच्या तिप्पट" म्हणजे ३:१, अर्थात लहान तुकडा पूर्ण लांबीचा चौथा भाग आणि त्याचा कडकपणा 4k. "लांबीचा एक तृतीयांश तुकडा कापला" म्हणजे २:१ आणि 3k. घाईत दोन्ही वाक्यं सारखीच वाटतात. आधी तुकडा पूर्ण स्प्रिंगच्या किती भाग आहे तो अपूर्णांक लिहा आणि मग तो उलटा करा. नुसतं गुणोत्तर उलटं केलं तर हमखास घोळ होतो.

प्रत्यक्ष कापताना

मापायचे ते वेढे, लांबी नव्हे. वजन लावून टांगलेल्या स्प्रिंगचे वरचे वेढे जरा जास्त उघडलेले असतात, आणि आकडीची लांबी धरली तर प्रमाण आणखी बिघडतं. स्प्रिंग टेबलावर ठेवा, बोटांनी जराशी ताणून नखाने वेढे मोजा आणि दर दहाव्या वेढ्यावर मार्करचा ठिपका द्या. मोजणी दुसऱ्या टोकाकडून एकदा करून पाहा. ६० वेढ्यांत एखादा चुकणं अगदी सोपं आहे.

तांब्याच्या वायरसाठी असलेला साधा कटर इथे वापरू नका. स्प्रिंगची तार त्याच्या धारेलाच खाच पाडते. कडक तारेचा कटर घ्या, डोळ्यांना गॉगल लावा आणि कापताना दोन्ही बाजू कापडात धरा, कारण तुटलेलं टोक उडतं. टॉर्च किंवा गॅसवर तापवून तोडणं तर अजिबात नको. तापलेल्या भागाचं पाणी उतरतं, तिथले वेढे भार काढल्यावर परत बसत नाहीत आणि तुमचा सरळ आलेख वाकडा होतो. गाडी खाली बसवण्यासाठी सस्पेन्शनच्या स्प्रिंगचे वेढे कापणारे गॅरेजवाले हाच उद्योग करतात. वर गाडी आधीपेक्षा कडक का झाली म्हणून गिऱ्हाईक त्यांनाच विचारतं.

आता जी गोष्ट कागदावर नसते ती. कापलेल्या टोकाला आकडी हवी, आणि ती शेवटचा वेढा नोज प्लायरने उचलून काटकोनात उभा करूनच करावी लागते. म्हणजे तो वेढा ताणण्याच्या कामातून गेला. ४० वेढ्यांच्या तुकड्यात कामाचे ३९ राहिले, २० च्या तुकड्यात १९. आपली वहीतली ओळ वापरली की:

```
k_long  = 980/39 = 25.1 N/m
k_short = 980/19 = 51.6 N/m
```

मोठ्या तुकड्यात एका वेढ्याने अडीच टक्के फरक पडला, लहान तुकड्यात पाच. कडक तुकड्यातच चूक जास्त होते, ती यामुळे. जोडणीची तपासणी पुन्हा केली तर १६.३ ऐवजी १६.९ मिळतात. हे चुकलेलं नाही. जोडल्यावर ५८ च वेढे शिल्लक आहेत, आणि ९८० भागिले ५८ म्हणजे १६.९. तपासणी अशी थोडी वर सरकली की गेलेल्या वेढ्यांचा हिशोब आधी पाहावा. खाली सरकली, तर मात्र कापताना किंवा आकडी वळवताना एखादा वेढा ओढला जाऊन कायमचा उघडा पडला आहे का ते बघा.

आकडी स्वतःही थोडी वाकते, म्हणून लहान तुकड्याचा मोजलेला k वेढ्यांच्या हिशोबापेक्षा दोनेक टक्क्यांनी कमी आला तर दचकू नका. म्हणूनच प्रत्येक तुकडा १०० आणि २०० ग्रॅम लावून पुन्हा मोजायचा. मोठा तुकडा ३९ मिमीच्या आसपास आणि लहान १९ मिमीच्या आसपास वाढला, की काम झालं.

इनिशियल टेन्शनचं मात्र एक गमतीशीर आहे: ते कापल्याने बदलत नाही. प्रत्येक वेढा शेजाऱ्यावर जेवढ्या जोराने दाबून बसला होता, तेवढाच तुकड्यातही बसलेला असतो. k वाढला, पण वेढे उघडायला लागणारे ३५-३६ ग्रॅम तेच राहिले.

स्प्रिंग कापायची नसेल तर? विसाव्या वेढ्यात खिळा अडकवून तिथूनच टांगा. खाली ४० वेढ्यांचा तुकडा तयार, तोही एकही वेढा न गमावता. वरचे वेढे वर गोळा होऊन बसतील, बसू द्या. सुरुवातीला मी हाच मार्ग सुचवेन. एकाच स्प्रिंगवर १:१, २:१, ५:१ सगळी प्रमाणं करून पाहता येतात.

वारंवारता: वजन लावून मोजा

सूत्र सगळ्यांना माहीत असतं:

```
f = (1/2π) √(k/m)
```

k वर्गमुळात आहे हे मात्र पुष्कळजण विसरतात. लहान तुकडा तिप्पट कडक झाला म्हणून वारंवारता तिप्पट होत नाही, √३ पट म्हणजे १.७३ पट होते. मोठ्या तुकड्याची √१.५, म्हणजे १.२२ पट.

m = २०० ग्रॅम धरून निव्वळ पुस्तकी हिशोब केला तर पूर्ण स्प्रिंगवर १.४४ हर्ट्झ, मोठ्या तुकड्यावर १.७६ आणि लहान तुकड्यावर २.४९ येतात. प्रत्यक्षात दोन दुरुस्त्या लागतात. वेढ्यांची वर केलीच आहे. दुसरी स्प्रिंगच्या स्वतःच्या वजनाची. स्प्रिंगही वजनाबरोबर हलते, पण वरचं टोक स्थिर आणि खालचं पूर्ण वेगात, म्हणून तिच्या वजनाचा एक तृतीयांश भाग m मध्ये मिळवायचा. पूर्ण स्प्रिंगला ४ ग्रॅम, मोठ्या तुकड्याला २.७, लहान तुकड्याला १.३. २०० ग्रॅमपुढे हे किरकोळ आहे. ३० ग्रॅमचं वजन लावलं असतं तर नसतं.

```
60 turns: k = 16.3, m = 0.2040  ->  f = 1.42 Hz, T = 0.70 s
39 turns: k = 25.1, m = 0.2027  ->  f = 1.77 Hz, T = 0.56 s
19 turns: k = 51.6, m = 0.2013  ->  f = 2.55 Hz, T = 0.39 s
```

मोजताना वजन हाताने सरळ खाली ओढून सोडा, सेंटिमीटरभरच. वजन मधल्या ठिकाणाहून खाली जाताना "शून्य" म्हणून घड्याळ चालू करा आणि तिथून २० पर्यंत मोजा. "एक" म्हणून सुरुवात केली तर प्रत्यक्षात १९ च दोलनं होतात आणि वारंवारता पाच टक्क्यांनी फुगते. वारंवारतेत ही चूक लहान तुकड्यातल्या एका वेढ्याच्या चुकीच्या जवळपास दुप्पट असते, आणि कोणती कुठली ते नंतर ओळखू येत नाही. पूर्ण स्प्रिंगला २० दोलनांसाठी साधारण १४ सेकंद लागतात, तिथे बोटाची चूक खपून जाते. लहान तुकडा मात्र ८ सेकंदांच्या आत २० दोलनं संपवतो, आणि घड्याळ दाबण्यातली पाव सेकंदाची दिरंगाई तिथे तीन टक्क्यांची चूक करते. त्यासाठी ५० दोलनं मोजा, किंवा फोनवर स्लो मोशनमध्ये चित्रण करून सावकाश मोजा.

ओढायचं किती, याला मर्यादा आहे, आणि ती तुकड्यागणिक बदलते. दोलन वर येताना वेढे पुन्हा एकमेकांना चिकटता कामा नयेत. २०० ग्रॅमला वेढा सुमारे १.६ मिमी उघडलेला असतो, म्हणजे पूर्ण स्प्रिंग ९९ मिमी, मोठा तुकडा ६४ आणि लहान तुकडा ३१ मिमी. लहान तुकडा ३५ मिमी खाली ओढून सोडलात तर वर येताना वेढे बंद होतात. बारीक टक् असा आवाज येतो, वजन झटका खातं आणि दोलनकाळ किती ओढलं त्यावर बदलायला लागतो. ५० ग्रॅमच लावले असतील तर परिस्थिती आणखी वाईट: लहान तुकडा तीन मिमीसुद्धा उघडलेला नसतो, तिथे मोजण्यासारखं दोलन होतच नाही. टक् ऐकू आलं की ओढणं कमी करा किंवा वजन वाढवा.

एक तपासणी अशी करा: दोनदा मोजा, एकदा ५ मिमी ओढून आणि एकदा १५ मिमी ओढून. दोन्ही वेळा तेवढाच दोलनकाळ आला तर स्प्रिंग सरळ नियमात चालते आहे. इनिशियल टेन्शनचा वारंवारतेवर काही परिणाम होत नाही, फक्त वेढे पूर्ण वेळ उघडे राहिले पाहिजेत.

कधी कधी वजन वर-खाली होता होता लंबकासारखं झुलायला लागतं आणि मोजणी बिघडते. उभ्या दोलनाची वारंवारता झुलण्याच्या वारंवारतेच्या बरोबर दुप्पट झाली की असं होतं. आपली पूर्ण स्प्रिंग दोऱ्याला बांधून टांगण्याच्या ठिकाणापासून वजनाच्या मध्यापर्यंत सुमारे ४८ सेंटिमीटर अंतर केलं तर हे मुद्दाम घडवून आणता येतं. मोजायचं असेल तेव्हा दोरा काढून टाका.

वजन दोन तुकड्यांच्या मध्ये

तुकडे कापल्यावर त्यांच्यामध्ये वजन अडकवायचा प्रश्नही नेहमी येतो. वरचा तुकडा छताच्या आकडीला, खालचा तुकडा जमिनीच्या आकडीला, मध्ये २०० ग्रॅम. पाहताना तुकडे एकापुढे एक दिसतात, त्यामुळे इथे १/k ची बेरीज करायचा मोह होतो. ती चूक आहे. वजन १ मिमी खाली आणा. वरचा तुकडा तेवढाच जास्त ताणला गेला आणि जास्त जोराने वर ओढायला लागला. खालचा तेवढाच सैल झाला आणि खाली ओढणं कमी झालं. दोघंही वजनाला परत वरच ढकलतात. म्हणून k ची सरळ बेरीज होते. एकापुढे एक की शेजारी शेजारी, हे चित्रावरून ठरवू नका. वजन हललं की दोन्ही तुकड्यांची लांबी सारखीच बदलते का, हे विचारा.

पुस्तकी हिशोबाने ३/२ k अधिक 3k, म्हणजे ४.५k. मध्यात कापून अर्ध्या-अर्ध्या तुकड्यांनी केलं असतं तर 2k अधिक 2k, म्हणजे 4k. असमान कापण्याने एकूण कडकपणा वाढतोच, कमी कधी होत नाही. आपल्या प्रत्यक्ष तुकड्यांची बेरीज ७६.७ न्यूटन प्रति मीटर, आणि स्प्रिंगच्या वजनाचे ४ ग्रॅम धरून वारंवारता ३.१ हर्ट्झ. अट एकच: वरच्या आणि खालच्या आकडीतलं अंतर इतकं ठेवा, की खालचा तुकडाही संपूर्ण दोलनभर उघडा राहील. तो ढिला पडला की बेरजेतला त्याचा वाटा संपला.

पद्धत कुठे चालत नाही

वेढे मोजण्याची ही युक्ती सगळे वेढे सारखे असतील तरच लागू. शंकूच्या आकाराच्या स्प्रिंगमध्ये रुंद वेढा अरुंद वेढ्यापेक्षा खूप जास्त उघडतो, कारण सूत्रात D तिसऱ्या घातात आहे: दुप्पट व्यासाचा वेढा आठपट मऊ. अशी स्प्रिंग "२:१" कापली तरी k चं प्रमाण काहीही येऊ शकतं. रबर बँडला तर सरळ रेषाच नसते. दोरा बांधून पाहण्याची पहिली पायरी मात्र तिथेही कामाची आहे. गाठ वाढीच्या अपेक्षित हिश्शाइतकी सरकली नाही, तर वेढे सारखे नाहीत हे कापण्याआधीच कळतं.

उलटा प्रश्न: हवी ती वारंवारता मिळवायला कुठे कापायचं?

समजा २०० ग्रॅम वजन सेकंदाला बरोबर दोन दोलनं करायला हवं आहे. आधी लागणारा k काढा. स्प्रिंगचे दोनेक ग्रॅम धरून m = ०.२०२ किलो:

```
k = (2π × 2)^2 × 0.202 = 31.9 N/m
N = 980 / 31.9 = 30.7
```

कामाचे ३१ वेढे लागतील, आणि आकडीसाठी एक, म्हणून जुनी आकडी असलेल्या टोकाकडून ३२ वेढे मोजून कापा. ३१ वेढ्यांना वारंवारता १.९९ हर्ट्झ येते, म्हणजे २० दोलनांना १०.०५ सेकंद. दोलनं जराशी सावकाश होत असतील, तर आकडी अर्ध्या वेढ्याने आत घेऊन पुन्हा वळवता येते. जास्त वेगाने होत असतील, तर कापलेला वेढा परत जोडता येणार नाही, वजनच चार-पाच ग्रॅमनी वाढवून जुळवावं लागेल. त्यामुळे शंका असेल तेव्हा ३३ वर कापा आणि मोजत मोजत कमी करा.